दातवाल्या डॉक्टरांचं निळं तिकीट

मावशीच्या टपाल तिकिटांच्या दुकानात भाचीला सगळे भिंगरी म्हणत. शाळा सुटली रे सुटली की ती तिथं हजर. ग्राहकांनी पाठवलेले स्कॅन कॉम्प्युटरवर तपासायचं काम आता तिच्याकडे आलं होतं आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एका जुन्या निळ्या तिकिटाचा पुढून-मागून स्कॅन पाठवला. तिकिटाच्या कडेला असतात ती भोकं, दोन सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते मोजायचं असतं. नेहमीच्या निळ्या तिकिटाला चौदा बसतात. भिंगरीनं स्क्रीनवर मोजली, तर साडेबारा! कॅटलॉगमध्ये साडेबाराच्या पुढे लिहिलं होतं, दुर्मीळ. तिनं मावशीला न विचारता डॉक्टरांना कळवून टाकलं, "काका, लॉटरी लागली! खजिना आहे तुमच्याकडे!"

मावशी बँकेतून परतली, तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तिकीट जरा जाडजूड झालंय का गं?"

"म्हणजे?"

"अल्बममधलं तिकीट वीस मिलिमीटर रुंद. हे बावीसच्या वर. तिकीट काय जेवून फुगलं?"

भिंगरीनं फाइल पुन्हा उघडून पाहिली. डॉक्टरांनी चित्र पान भरेल इतकं ताणून पाठवलं होतं. तिकीट मोठं झालं, तशी भोकंही लांब लांब गेली आणि चौदाची साडेबारा झाली. स्कॅनशेजारी पट्टी ठेवलेली नव्हती, आणि पट्टी नसेल तर असल्या मोजणीला कवडीचीही किंमत नाही.

तिनं ताबडतोब फोन लावला. "काका, माफ करा. चुकलं माझं. खजिना-बिजिना काही नाही, साधं तिकीट आहे."

"साधं म्हणजे अगदी साधं?"

"अगदी! पैजेवर सांगते."

"बरं झालं बाई," डॉक्टर म्हणाले. "आमच्या सौभाग्यवती जुनी तिकिटं चिकटवून लाकडी डबा सजवतायत. त्यांना एक निळं हवंच होतं."

भिंगरीनं फोन ठेवला आणि ऐटीत मावशीकडे पाहिलं. चूक झाली, चूक निस्तरली, प्रकरण मिटलं!

मावशी मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "चौदा भोकांची निळी तिकिटं दोन जातींची असतात. एकीच्या कागदात मुकुटाची खूण, ती ढिगानं मिळते. दुसरीत तारा, तो शोधून सापडत नाही. यात काय आहे?"

"मागच्या बाजूच्या स्कॅनमध्ये काहीच दिसत नव्हतं."

"दिसत नव्हतं की नव्हतंच?"

कागदातली ती खूण म्हणजे वॉटरमार्क, कागदाचा जरा पातळ भाग. स्कॅनरच्या लखलखाटात तो पार पुसला जातो. आणि तिकडे काकू डिंकाची बाटली उघडून बसलेल्या!

फोन कोणी उचलेना. भिंगरीनं धूम ठोकली. रस्ता ओलांडला, दवाखान्याचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली, रुग्णांच्या बाकासमोरून वाऱ्यासारखी मागच्या खोलीत घुसली.

"काकू, थांबा!"

काकूंच्या एका हातात डिंकाचा ब्रश, दुसऱ्यात निळं तिकीट. "अगं, काय झालं? दाढ दुखतेय का?"

"तिकीट साधं नाही... म्हणजे असेलही... मला माहीतच नाही!" ती धापा टाकत म्हणाली.

डॉक्टर हातमोज्यांसकट आले. "आधी खजिना, मग साधं, आता माहीत नाही. तू भिंगरी की वेधशाळा?"

"काका, या खेपेला पैज नाही. मावशीच्या ओळखीच्या परीक्षक बाईंना दाखवू. प्रत्यक्ष."

शनिवारी परीक्षक बाई दुकानात आल्या. भोकं मापकावर धरून मोजली, बरोब्बर चौदा. मग तिकीट उलटं करून काळ्या बशीत ठेवलं आणि वर खास द्रवाचे चार थेंब टाकले. कागद ओला झाला आणि हळूच एक गडद आकृती उमटली. पाच टोकं.

"तारा!" काकू किंचाळल्या. डॉक्टर खुर्चीतच उडाले. भिंगरीनं मात्र दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

"आता तरी खजिना म्हणू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"इतक्यात नको," बाई म्हणाल्या. "कड कोणी नव्यानं भोकं पाडून दुरुस्त केली आहे का, तारा नंतर दाबून उठवलाय का, कागद मागून चिकटवलाय का, ते दिव्याखाली आणि सूक्ष्मदर्शकात पाहावं लागेल. तज्ज्ञांच्या समितीचं प्रमाणपत्र यायला महिना जाईल."

"महिनाभर जीव टांगणीला!" डॉक्टरांनी भिंगरीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं गं, खरंच सांग."

उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर उड्या मारत होतं. तिनं ते गिळलं.

"मला वाटतं, काका," ती म्हणाली, "काकूंना डब्यासाठी दुसरं निळं तिकीट मी माझ्या अल्बममधून देते. मुकुटवालं. ते मी स्वतः बशीत ओलं करून पाहिलंय."