नसलेली मॅनेजर

आम्ही तिघं. गायक, ड्रमर आणि बास वाजवणारा मी. चौथी ताई, म्हणजे गायकाची सख्खी मोठी बहीण. तिला आम्ही काढून टाकलं.

(ड्रमर मागून वाचतोय. म्हणतो, "काढून टाकलं नाही, विश्रांती दिली.")

बरं. विश्रांती दिली. झालं असं की एका हॉलमध्ये आमचा शो भरगच्च गेला आणि एका एजंटचा फोन आला. एजंट म्हणजे शो लावणारा माणूस. हॉलवाल्यांशी बोलतो, तारीख धरतो, मानधन ठरवतो आणि त्यातला दहावा हिस्सा घेतो. ताई तोपर्यंत बाकीचं सगळं बघायची. गाडी, पोस्टर, रेकॉर्डिंग, आमची भांडणं. फुकट.

ड्रमर म्हणाला, "आता खरा माणूस मिळालाय. दोघं कशाला?"

एजंटने स्वच्छ सांगितलं होतं, "मी शो लावतो, तुमचा संसार नाही. मॅनेजर कोण?"

"तुम्हीच समजा," आम्ही म्हणालो.

तो हसला. आम्हीही हसलो. कशाला हसलो, देव जाणे.

—

मग तो विचारायचा, या तारखेला जमेल? आम्हाला वाटायचं, त्याने ठरवलंय. त्याला वाटायचं, आम्ही विचार केलाय. आम्ही होकाराचा अंगठा पाठवून मोकळे. एकाच शहरात पंधरवड्यात तीनदा वाजवलं. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेत एक काका होते, तेही पाऊस थांबायची वाट बघत. गायकाचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा झाला. आणि पहिल्या अल्बमसाठी धरलेल्या आठवड्यात आम्ही एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनालाही हो म्हणून बसलो होतो.

(गायक बोलू शकत नाही. त्याने कागदावर लिहिलंय: "सोफे होते.")

स्टुडिओ पुन्हा मिळेल असं वाटत नव्हतं. नाही म्हणणारं कुणी हवं होतं. ताईकडे जायला तोंड नव्हतं. म्हणून आम्ही मॅनेजर बनवली.

—

ड्रमरने नवा ईमेल उघडला आणि "व्यवस्थापन" या सहीने पत्र धाडलं: "सदर आठवड्यात आमचे कलाकार उपलब्ध नाहीत. यापुढे प्रत्येक तारीख माझ्यामार्फत."

(ड्रमर: "सदर हा माझा शब्द. मस्त होता.")

एजंटचं उत्तर आलं: "वा. अखेर कुणीतरी शहाणं भेटलं. उद्या संध्याकाळी तालमीच्या खोलीवर भेटू या."

ड्रमरने दोन मिनिटांत "चालेल" असं उत्तरही पाठवून दिलं. आता झाली का पंचाईत.

—

ताई दारात उभी राहिली. आम्ही तिघं पायरीवर.

"म्हणजे मी मॅनेजरचं सोंग करायचं."

"एक तास, ताई."

"जे काम मी दोन वर्षं केलं, त्याचं सोंग."

गायकाने मान खाली घातली. घसा बसल्यामुळे त्याची क्षमायाचना फारच भावुक वाटत होती.

"चहा कोण करणार?" तिने विचारलं. ड्रमरने हात वर केला.

—

एजंट आला, खुर्चीवरची केबल बाजूला सारून बसला. ताईने विचारलं, "त्याच शहरात तीनदा का?"

"प्रत्येक सौदा चांगला होता. थांबा म्हणणारा माझ्या बाजूला नसतो, तुमच्या बाजूला असतो."

"आता आहे. एका शहरात पुन्हा जायचं तर तीन महिन्यांनी. आणि अल्बम आल्यावर दौरा, आधी नाही."

"अल्बम आल्यावर मोठे हॉल मिळतील," तो म्हणाला. त्याचा चेहरा समोर ताट आल्यासारखा उजळला.

निघताना तो ड्रमरला म्हणाला, "पत्र छान होतं. पण मॅनेजर दोन मिनिटांत उत्तर देत नाही. आणि सदर तर कुणीच लिहीत नाही."

दार लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईने नाही.

"आता माझं. सगळ्या कमाईत पंधरा टक्के, लेखी. भावाशी भांडले तरी करार तसाच. आधी एक वर्ष, मग दोन्ही बाजूंनी ठरवायचं. आणि तुम्ही मला निवडत नाही आहात. मी विचार करतेय तुम्हाला घ्यायचं का."

(ड्रमर: "हे खरं आहे.")

"घे ना," मी म्हणालो.

"घेतलं. स्टुडिओवाल्याला मी विचारलंय, तो आठवडा दोन दिवस पुढे सरकतोय. म्हणजे सोफ्यांचा शो रद्द नाही. तुम्ही शब्द दिलाय, एजंटचं नाव त्या दुकानदाराकडे खराब होईल."

"पण याचा घसा?"

"हा गाणार नाही. एक शब्द नाही." तिने ड्रमरकडे बोट केलं. "हा गाणार."

(ड्रमर इथून उठून गेला.)