उद्या म्हणजे कधी

लातूरच्या कोर्टामागे एका खोलीत माझं भाषांतराचं टेबल आहे. मराठी कागदांचं इंग्रजी करून देते. हायकोर्टाला इंग्रजी लागतं आणि वकिलांना ते कालच हवं असतं. अमरनाथ वकील तर फाईल देतानाच घाई सोबत पाठवतात. त्या दिवशी त्यांनी सिंधूलाच पाठवलं आणि निरोप दिला, "बुद्धप्रियाताई, शपथपत्र आजच हवं, उद्या दाखल करायचंय."

सिंधू देवणीची. माहेरी राहते, नऊ वर्षांची ऋतुजा तिच्याजवळ. नवरा व्यंकट. त्याने सिंधूचा हात मोडला होता आणि पोलिसांसमोर म्हणाला होता, "पोरीला घेऊन विहिरीत उडी मारीन." हायकोर्टाने त्याला जामीन दिला तो एका अटीवर, की मायलेकींजवळ फिरकायचं नाही. आता तो फिरकला होता. तेवढं शपथेवर लिहायचं आणि जामीन रद्द करून घ्यायचा, एवढंच काम होतं. सिंधू आदल्या दिवसापासून लातुरात बहिणीकडे उतरली होती, पोरगी आजीपाशी.

ती माझ्यासमोर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मला असली बोटं बघवत नाहीत.

"सांगा, काय झालं?"

"आज सकाळी आईचा फोन आला, ताई. ती म्हनली, पोरगी म्हनत हाय, बाबा शाळंच्या गेटाला आलते. म्हनले, मी उद्या येतो तुला घ्यायला, मायला सांगू नको."

"मग तुम्ही काय ठरवलंय?"

"सांजंच्या गाडीनं जाते की. उद्या शाळंतच धाडत न्हाई तिला."

मी मान डोलावली आणि टाइप करायला बसले. या कामात माझा एक रिवाज आहे. बोललेलं वाक्य आधी मराठीत जसंच्या तसं अवतरणचिन्हांत ठेवायचं, मग खाली त्याचं इंग्रजी. वकील म्हणतात, "एवढं कशाला, तो काय म्हणाला ते इंग्रजीत सांगितल्यासारखं लिहा." पण मी दोन्ही लिहिते. मराठी मोठी सोयीची आहे. तो म्हणाला, मी उद्या येतो, असं आपण सांगतो. त्याचा मी मीच राहतो, त्याचा उद्या उद्याच राहतो, आणि ऐकणाऱ्याला काही अडत नाही. इंग्रजीत मात्र सांगणारा बदलला की सगळं हलवावं लागतं. 'मी'चा 'ही' होतो, 'तुला'चा 'हर' होतो, 'येतो'चा 'वुड कम' होतो. 'उद्या'चा होतो 'द नेक्स्ट डे', म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी तिथपर्यंत आले आणि बोटं थांबली. त्याच्या म्हणजे कोणत्या दिवसाच्या? दुसरा दिवस लिहायचा तर पहिल्याची तारीख हवी. शपथपत्रात तारखेशिवाय चालत नाही.

"सिंधूताई, तो हे कधी बोलला?"

"सांगितलं की, आज सकाळी."

"आज सकाळी तुमची आई बोलली. तो कधी बोलला?"

तिची बोटं थांबली. शुक्रवारची तयारी आम्ही करत होतो आणि आज गुरुवार होता; तो काल बोलला असेल तर त्याचा उद्या म्हणजे आजच.

"आईला फोन लावा," मी म्हटलं. "आत्ता."

आई उचलेना. रानात असेल, सिंधू म्हणाली. पुन्हा लावला, पुन्हा वाजून बंद. पोरगी काल संध्याकाळी आजीला बोलली असेल. आजीने रात्र जाऊ दिली, सकाळी दिवस न मोजता तेच वाक्य पुढे सरकवलं. सिंधूने ते माझ्यापर्यंत आणलं. तीन तोंडांमधून आलं तरी त्याचा उद्या तसाच होता, कुणी त्याला हात लावला नव्हता. कुणाची चूक म्हणावी? आपण सगळे असंच बोलतो.

तिसऱ्यांदा आईने उचलला.

"आई, पोरीच्या बाबानं तिला कधी गाठलं?"

फोन स्पीकरवर होता. म्हातारी वाऱ्यात ओरडून बोलत होती. "अगं काल! काल शाळा सुटताना! तुला सांगितलं न्हाई का?"

"आज पोरगी कुठं हाय?"

"शाळंत. कुठं राहील?"

सिंधू उभी राहिली, तशीच खाली बसली. शाळा सुटायला अर्धा तासही उरला नव्हता आणि लातूरहून देवणी दीड-दोन तासांची वाट. मी पलीकडच्या खोलीतल्या अमरनाथ वकिलांना हाक मारली. ते कधी धावत नाहीत, त्या दिवशी धावले. तिथल्या ठाण्याला त्यांनी फोन लावला. मी सिंधूच्या मोबाईलमधून पुनमबाईंचा नंबर काढला, ऋतुजाच्या वर्गशिक्षिका. घंटी वाजत राहिली. वर्गात फोन बंद ठेवायचा नियम आहे, चांगला नियम, त्या घडीला मात्र मी त्या नियमाला मनात दहा शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा लावला.

"हॅलो? हां, सिंधूताई, बरं झालं तुम्हीच केला," पुनमबाई घाईने बोलल्या. "ऋतुजाचे वडील आलेत, गेटात उभे हायत. ते म्हणतायत, सिंधूनंच पाठवलंय मला, म्हातारी आजारी पडलीय, पोरीला लवकर सोडा. पोरगी दप्तर भरायलीय."

सिंधू मोबाईल माझ्याकडेच ढकलू लागली. मी तिचा खांदा धरून हलवला. "तुम्ही बोला. मी बोलून चालणार नाही. त्यांना तुमचा आवाज हवाय."

"बाई," सिंधू म्हणाली, मग ओरडली, "बाई, मी पाठवलं न्हाई! ऐका, मी सिंधू बोलते, ही मीच बोलायलेय! आई धडधाकट हाय, आत्ताच बोलली माझ्याशी! पोरीला देऊ नका! हेडसरांच्या खोलीत कडी लावून बसवा तिला!"

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. धावण्याचा आवाज, पोरांचा गलका, एक दार. आम्ही दोघी त्या छोट्या मोबाईलवर डोकी टेकवून बसलो. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या वेळी काहीतरी पुटपुटत होते खरी. सिंधूची नखं माझ्या मनगटात रुतली होती आणि मला ती काढावीशी वाटली नाहीत.

मग एक बारीक आवाज आला. "माय?"

सिंधू रडली. ऋतुजा विचारत राहिली, "माय, तू का रडतीस? बाबा म्हनले तूच धाडलंस."

पुनमबाईंनी फोन घेतला. "खोलीत हाय. हेडसर दाराशी उभे हायत. पोलीस यायला निघालेत म्हणून फोन आला. त्याला आम्ही गेटाबाहेर काढलं, गाडीवर बसून निघून गेला."

"काही बोलला का?" मी विचारलं. सवयीनं विचारलं, आणि विचारल्यावर भीती वाटली.

"हो. लई शांत बोलला. म्हणला, ठीक हाय, मी उद्या येतो."

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. अमरनाथ वकील गाडीची चावी घेऊन दारात उभे होते, तेही थांबले. मी खुर्ची पुढे ओढली, त्याचं वाक्य मराठीत होतं तसं लिहिलं, खाली इंग्रजी केलं. द नेक्स्ट डे लिहिलं आणि त्यापुढे या वेळी कुणाला न विचारता तारीख घातली. शुक्रवारची.