सरळ भोकाची सनई

हे लिहू की नको, असं दोन महिने चाललं होतं. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. कारण या गोष्टीत सुमंत नावाचा माणूस पक्का गाढव ठरतो, आणि तो सुमंत मला रोज आरशात भेटतो. तरीपण त्याला 'तो' म्हणूनच सांगतो. तेवढी आब राहू दे त्याची.

तर सुमंत. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथ चालवतो. पंपाचे दांडे, बुश, नळ्या, जे सांगतील ते. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडून देईल. आणि विठोजी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दिवसा शिवाजीनगरात काकांच्या कापडाच्या दुकानात मापं घेतो, लग्नसराईत सनई वाजवतो. काका, म्हणजे श्रीधरराव, बाजूला बसून दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरतात. घराणंच तसलं.

रविवारी विठोजीच्या बहिणीचं, अनुषाचं लग्न. तिनं आधीच सांगून ठेवलेलं, "मांडवात कीबोर्डवाला दिसला तर मी बोहल्यावरनं उठून जाईन हं."

आणि त्याआधीच्या सोमवारी सुमंतनं विठोजीची ऐंशी वर्षं जुनी सनई फोडली.

फोडली म्हणजे मुद्दाम नाही. सनईच्या खालचा पितळी प्याला अडकून बसला होता. विठोजी म्हणाला, "स्वल्प सैल करून दे की." सुमंतनं सनईचं लाकूड व्हाइसच्या शिकंज्यात धरलं. रबर लावून धरलं, हे तो आजही सगळ्यांना सांगतो. प्याला सुटला. आणि वरच्या अंगाला बारीकसा "टक" असा आवाज झाला.

विठोजीनं फुंकून पाहिलं. फुस्स. मेण लावलं. तरी फुस्स.

"बाजारातनं नवी आणू," सुमंत संध्याकाळी म्हणाला.

"आणली तर काकांच्या सुरात बसायला नको? दोन पाहिल्या आज. एक अर्धा सूर वर, दुसरी भिंतीवर टांगायला बरी." "काकांना सांगितलंय, उन्हानं तडकली म्हणून. तू काही बोलू नकोस."

सुमंतचे कान गरम झाले. म्हणाला, "मी करतो. तीन दिवसात."

"सनई?"

"लाकडाची नळी तर आहे. मी लोखंडाच्या करतो."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सगळी गाढवगिरी याच्यातच आहे.

सुमंतनं जुन्या सनईची बाहेरची मापं घेतली, दर सेंटीमीटरला एक. वर बारीक, खाली जाड. शिसवीचा वाळलेला तुकडा मिळवला. लांब ड्रिलनं आठ मिलिमीटरचं भोक आरपार पाडलं, अगदी रेषेत. त्याच्या धंद्यात भोक म्हणजे सरळच. वाकडं, पसरट भोक म्हणजे माल परत. मग बाहेरून उतार दिला, बोटांची भोकं मोजून पाडली, प्याला बसवला. दिसायला अशी की जुनीची जुळी बहीण.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत विठोजी आला. जुन्या सनईची फुंकायची पत्ती बसवली, गाल फुगवले.

"घोंऽऽऽ."

शेजारच्या मशीनवरचा माणूस वळून बघायला लागला.

"हे काय रे?" विठोजी म्हणाला. "रेडकू हरवलंय काय कुणाचं?"

"जोरात फुंक."

"फुंकतोय की! एवढ्याच लांबीची नळी, आणि एक सप्तक खाली जातीय." मग त्यानं ओठ आवळून वरचा सूर काढायला बघितला. सनईत तशीच बोटं ठेवून जोर दिला की सा चा वरचा सा होतो. तिथं निघाला पंचम. वरच्या सप्तकातला पंचम, एकदम टणाटण. विठोजीनं सनई तोंडातनं काढली आणि तिच्याकडं असं बघितलं, जसं घरच्या मांजरानं भुंकावं.

"सा मागितला तर पा देतीय. वरच्या सुरांची सगळी बोटं चुकतील माझी. लग्न लावू का वरात थांबवू?"

सुमंतला हसायला यायला हवं होतं. नाही आलं.

दुपारी त्यानं फोनवर आवाजाचे उंचवटे दाखवणारं ॲप उतरवलं. विठोजीच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला एक लांब सूर लावला. उंचवटे ओळीनं उभे, मूळ सुराच्या एक पट, दोन पट, तीन पट, चार पट. मग स्वतःच्या नळीचा सूर. एक पट, तीन पट, पाच पट. दोन आणि चार जवळजवळ गायब.

तीन पट म्हणजेच तो वरचा पंचम. जोर दिला की सूर पुढच्या हजर पायरीवर उडी मारतो, आणि दोनची पायरीच नव्हती.

पण का? तो व्हिडिओ बघत बसला, इंग्रजी अर्धं कळलं, अर्धं हातवाऱ्यांवरून. पत्तीकडचं टोक हवेसाठी बंदच असल्यासारखं. सरळ नळी एका टोकाला बंद असली की तिच्यात फक्त विषम पटीचे सूर मावतात, आणि मूळ सूर पण उघड्या नळीपेक्षा एक सप्तक खाली जातो. आणि शंकूसारखी, टोकाकडून पसरत जाणारी नळी असेल तर पत्ती असूनही सगळे सूर मावतात, दोन पट धरून.

त्यानं जुनी सनई उचलली आणि खालून डोळा लावला.

भोक पसरत गेलेलं.

"अय्यो," तो एकटाच म्हणाला. बाहेरची चाळीस मापं घेतली होती. आतलं एक नाही.

आतलं माप घ्यायचं कसं? मापाची व्हर्नियर पट्टी आत शिरत नाही. मग त्यानं ड्रिलच्या गुळगुळीत दांड्या आणि सळ्या घेतल्या, सोळा मिलिमीटरपासून सहापर्यंत, आणि खालच्या तोंडातनं एकेक आत सोडली. जी जिथं अडकली तिथं भोक तेवढंच. प्रत्येकीवर पेननं खूण. कागदावर टिंबं मांडली तर जवळजवळ सरळ रेघ आली. हातानं केलेलं होतं कुणीतरी, ऐंशी वर्षांपूर्वी, आणि रेघ सरळ.

गुरुवारी त्यानं हत्यारच बनवलं. पोलादाची लांब सळी, लेथवर तोच उतार देऊन, मग लांबीनं निम्मी घासून टाकली म्हणजे कडेला धार येते. धार तापवून कडक केली. शिसवीच्या नव्या तुकड्यात आधी पायऱ्या पायऱ्यांची भोकं, मोठ्या तोंडाकडून छोट्याकडे, मग हे हत्यार हळूहळू फिरवत आत. भुसा भुरभुरत होता. मालक येऊन विचारून गेले, "काय ऑर्डर आहे?" तो म्हणाला, "लग्नाची."

शुक्रवारी विठोजी आला. पत्ती बसवली. सा लावला. ॲपवर दोनचा उंचवटा उभा राहिला, पण सुमंतनं फोनकडं बघितलंच नाही. विठोजीनं ओठ आवळले. वरचा सा. किंचित उतरलेला.

"खाली आहे," सुमंत म्हणाला. "फेकून दे. दुसरी करतो."

"गप रे. ओठानं चढवतो मी. जुनीला पण चढवायला लागायचा." विठोजीनं परत फुंकली, वर गेला, खाली आला, तशीच बोटं, तेच सूर. मग त्यानं खिशातनं फोन काढून काकांचा धरलेला सूर लावला आणि त्याच्यावर वाजवली. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की सुमंतला मान फिरवावी लागली. डोळ्यात भुसा गेला होता. भुसा कालचा होता, पण असो.

"काकांना काय सांगू?" विठोजी म्हणाला. "उन्हानं तडकली आणि पोस्टानं नवी आली?"

"काहीच सांगू नकोस."

"मग?"

"मी येतो उद्या दुकानात. व्हाइसमधे मीच धरली होती, हे मीच सांगणार काकांना. आणि ती रेडकाची सनई पण घेऊन येतो, शब्द देतो. शिव्या द्यायच्या असतील तर फुंकून बघून देऊ देत."