दाराशेजारची कांब

आमच्या नारिन शहरात थंडी उणे पंचवीसवर गेली की घरोघर गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरघरात सुट्टी कुणालाच मिळत नाही. त्या सकाळी नियंत्रणाच्या खोलीत मी एकटा होतो. पलीकडच्या पंपघरातून आधी शिट्टीसारखा आवाज आला आणि मग दाराच्या खालच्या फटीतून पांढरी वाफ निघू लागली. गरम पाण्याच्या मोठ्या नळाच्या जोडातली चकती फुटली होती.

आमचा पाळीप्रमुख ओमुरझाक धावत आला. त्याच्या मागोमाग इंजिनीयर अनारकान. दोघांनी ओले रुमाल तोंडाला बांधले, वाकून आत शिरले, आणि वजनाच्या दोरीवरचं ते पोलादी दार त्यांच्यामागे आपोआप बंद झालं. ते नेहमीच तसं बंद होतं. पंपघरातली वाफ आमच्या विजेच्या पॅनेलपर्यंत येऊ नये म्हणून ती सोय होती.

या दोघांबद्दल आधी सांगायला हवं. अनारकान म्हणजे ओमुरझाकच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. आमच्याकडे सून नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव तोंडाने घेत नाही, त्यामुळे बावीस वर्षं ती त्याला ‘थोरले’ म्हणत आली होती. कामावरसुद्धा. त्या हिवाळ्यात मात्र दोघांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. तिला घाटापलीकडच्या ओश शहरातून नोकरीसाठी बोलावणं आलं होतं, आणि घरचा वडीलधारा म्हणून तो म्हणाला होता की तिला जायचं तर जावं, भावाचा मुलगा मात्र इथून हलणार नाही. ती पोराला सोडून जाणार नव्हती. म्हणजे ती कुठेच जाणार नव्हती.

वाफ थांबली. त्यांनी झडप फिरवून बंद केल्याचं मला दाबाच्या काट्यावर दिसलं. मग आतून दार ढकलल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि दार जागचं हललं नाही. मी बाहेरून ओढलं. पहार घातली. कडेला ओरखडा उठला, एवढंच.

ते दार अडकलं कशाने, हे अनारकानला माझ्याआधी कळलं. काही वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर दाराचा एका बाजूचा खांब आत, खोलीच्या बाजूला, झुकायला लागला होता. तो आणखी झुकू नये म्हणून तिनेच समोरच्या भिंतीपासून त्या खांबापर्यंत दंडाएवढी जाड पोलादी कांब आडवी बसवली होती. एक टोक भिंतीत पक्कं, दुसरं खांबावरच्या पट्टीपासून दीड मिलिमीटर लांब. ही फट मुद्दाम ठेवलेली. खोली तापली की कांब वाढणार, तिला वाढायला जागा हवी. ओमुरझाकला तेव्हाच ते पटलं नव्हतं. लोखंडाला कोंडलं की ते एक दिवस आपल्याला कोंडतं, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. तिने हिशेब करून दाखवला होता: कांब बसवतानाच्या गारव्यापेक्षा चाळीसेक अंश तापेपर्यंत ती फक्त लांब होईल, कुणाला धक्का लावणार नाही. पंपघर एवढं कधीच तापत नसे.

पण फुटलेल्या जोडातून वाफेचा झोत नेमका त्या कांबीवर बसला होता.

आत अंधुक होतं. वरचे दिवे धुक्यात बुडाले होते आणि डोक्याच्या उंचीवर श्वास घेववत नव्हता. दोघं जमिनीलगत बसले, दाराखालच्या फटीला नाक लावून. त्या फटीतून मी त्यांचं बोलणं ऐकत होतो. अनारकान रांगत कांबीच्या टोकाशी गेली. एरवी त्या जागी नख सहज शिरायचं. आता नखही शिरेना.

“फट संपली, थोरले,” ती म्हणाली. “भिडली आहे. आता जेवढी तापलेली आहे, तेवढा जोर खांबावर. खांब दारावर रेटला गेलाय.”

“किती जोर?”

“टनांमध्ये. आपल्या खांद्याचं काम नाही ते.”

मग त्याने भिंतीवरचा हातोडा काढला. कांबीच्या टोकावर घाव घालून ती बाजूला उडवायची, असा त्याचा विचार. तिने त्याचा हात धरला. दाबाखालची कांब निसटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येईल आणि ती कुणाकडे येईल ते सांगता येणार नाही, असं तिने त्याला समजावलं. तो हातोडा टाकून खाली बसला.

“मग बस इथे. शिजू दोघं. आई म्हणेल, एक पोरगा आजाराने नेला आणि दुसरा सुनेच्या हिशेबाने.”

“हिशेब बरोबर होता. झोत कुठे लागेल त्याचा विचार केला नव्हता. ती चूक माझी.”

हवा काही लवकर निवणार नव्हती, गरम नळ अजून खोलीभर पसरलेले होते. कांब आपोआप गार व्हायला तास लागले असते. तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

उपाय तिनेच काढला. कोपऱ्यात नदीच्या पाण्याचा नळ होता, बारीक धारेचा, पण बर्फासारखा गार. कांब आखडली की सुटेल. तिने मला फटीतून सांगितलं की दार ओढणं थांबवू नकोस, पण झटके देऊ नकोस, ताण धरून ठेव. मी दाराच्या कडीला दोरी बांधून ताण धरला.

ओमुरझाक बादली भरायचा, ती उभी राहून कांबीवर लांबीभर ओतायची, आणि लगेच खाली बसायची. कुठे ओतायचं, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, “कुठेही. एका जागी गार झाली तरी तेवढी आखडतेच, पण सगळीकडे केलं तर लवकर.” गरम नळांवर गुंडाळलेल्या गोणपाटांचे तुकडे फाडून त्यांनी कांबीला गुंडाळले, म्हणजे पाणी टिकून राहील. ओतल्यावर वाफेचे नवे लोट उठायचे आणि मग ते आणखी घुसमटायचे.

पाचव्या-सहाव्या बादलीनंतर ओमुरझाकची बादली आलीच नाही. ती ओतायला उभी होती, हात पुढे केलेला.

“थोरले?”

उत्तर नाही. धुक्यात तो भिंतीला टेकून बसलेला, हनुवटी छातीवर. तिने पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. मग मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं:

“ओमुरझाक! ऊठ. ओमुरझाक!”

तो दचकून जागा झाला. कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारतंय, हे त्याला आधी स्वप्नच वाटलं म्हणे. तिने त्याला ओढत दाराच्या फटीशी आणलं, त्याचं तोंड गार हवेवर ठेवलं, डोक्यावर नदीचं पाणी ओतलं, आणि उरलेल्या बादल्या स्वतः भरून ओतल्या. तेवढ्यात माझ्या हातातली दोरी किंचित सैल झाली. मी पूर्ण वजन टाकलं. दार कुरकुरलं, मग एकदम उघडलं आणि मी पाठीवर पडलो.

ते दोघं रांगतच बाहेर आले, तांबडे, भिजलेले. मी त्यांच्या अंगावर कोट टाकले आणि आमच्याकडचा मीठ घातलेला चहा हातात दिला. ओमुरझाकने चहा घेतला आणि म्हणाला, “आजपासून माझं नाव घ्यायला मोकळी झालीस का तू?”

“मी घेतलंच नाही. तुम्हाला भास झाला,” ती म्हणाली. मी मान खाली घातली. मी तिथे असणं दोघांनाही नको होतं.

त्या आठवड्यात तिने कांब काढून छोटी केली, फट मोठी केली आणि कांबीसमोरच्या जोडावर पत्र्याचं आवरण चढवलं. ओमुरझाक जवळ उभा राहून मोजमाप तपासत होता.

वसंतात शाळा संपल्यावर ती मुलाला घेऊन ओशला गेली. घाटाचा रस्ता मोकळा झाला होता. सामान गाडीत ओमुरझाकनेच चढवलं. त्याआधीचे दोन दिवस तो घरी कुणाशी भांडला, आईशी काय बोलला, ते त्याने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की पोरगं मोठं झालं की उन्हाळ्यात घोड्यावर बसायला इकडे येईल, आणि आपण त्याला इथे अडवून ठेवणारे कोण.