होड्यांच्या उत्सवाचे दोनशे शब्द

ज्ञानकोशाच्या कार्यालयात संपादक बाईंना पाठीमागे सगळे ‘कात्री’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकवीस वर्षं दुसऱ्यांचे लेख कापून त्यांनी ते नाव कमावलं होतं. ‘भव्य’, ‘मनोहारी’, ‘आबालवृद्धांचा लाडका’ असे शब्द त्यांच्या टेबलावरून कधी पुढे गेले नाहीत. उत्सवांच्या खंडातली होड्यांच्या उत्सवाची नोंद मात्र त्यांनाच लिहायची होती, कारण ज्या प्राध्यापकांकडे ती दिली होती त्यांनी नऊशे शब्द पाठवून वर ‘यातला एकही शब्द काढता येणार नाही’ असं लिहिलं होतं. मर्यादा दोनशेची होती.

उत्सवाचं वर्णन सोपं होतं. नदीकाठच्या त्या गावात पाणी ओसरल्यावर बारा होड्या खांद्यावर घेऊन वरच्या पेठेतून घाटावर आणतात, पाण्यात सोडतात आणि समोरच्या तीरापर्यंत शर्यत लावतात. उत्सव कधीपासूनचा याबद्दल दोन मतं होती. दोन्हींना एकेक वाक्य मिळालं. राहिली एकतीस वर्षांपूर्वीची दुर्घटना. त्या दिवशी वरच्या अंगाच्या धरणातून अचानक पाणी सोडलं गेलं आणि चार होड्या उलटल्या. सरकारी अहवालात मृतांचा आकडा नऊ होता. प्राध्यापकांच्या नऊशे शब्दांत त्याचा उल्लेखही नव्हता.

खात्री करायला बाई बसने तीन तास प्रवास करून गावी गेल्या. उत्सव समितीच्या अध्यक्षांनी चहा पाजला आणि आनंदाच्या गोष्टीत रडगाणं कशाला, असं हसतहसत विचारलं. तिथून बाहेर पडल्यावर एका दुकानदाराने त्यांना घाटामागच्या गल्लीत राहणाऱ्या म्हाताऱ्या नावाड्याकडे पाठवलं. अख्खं गाव त्याला तात्या म्हणे. त्या साली तिसऱ्या होडीचं सुकाणू त्याच्या हातात होतं.

तात्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. नऊजण गावचे होते, म्हणाला, त्यांची प्रेतं घरच्यांनी ओळखली. पण वल्ही मारायला माणसं कमी पडत होती म्हणून पाचजण त्याने स्वतः त्याच सकाळी बाहेरून आणले होते. एक उंच म्हणून लंब्या, दोघे भाऊ, एक मुका, आणि एकजण सारखा गुणगुणायचा. खरी नावं कुणी विचारली नाहीत. पाचही वाहून गेले.

“मी त्यांना हाताला धरून होडीत बसवलं, ताई,” तो म्हणाला. “आणि चौकशीत मला कुणी विचारलंच नाही.”

परतताना बाई खाली, नदीच्या पुढच्या गावात उतरल्या. तिथल्या स्मशानाच्या वहीत त्याच आठवड्यात पाच बेवारस पुरुष लिहिलेले होते. वहीतली पानं त्यांनी उतरवून घेतली.

मुख्य संपादकांनी कागद शांतपणे वाचले. ते वाईट माणूस नव्हते. कोशाचा नियम पाळून पाळून ते त्या नियमासारखे झाले होते. वहीत पाचजण कुठून पडले ते लिहिलेलं नाही, ते म्हणाले. दोन गोष्टी जोडून तिसरी काढणं हे वर्तमानपत्राचं काम, आपलं नाही. शिवाय नोंद उत्सवावर आहे, अपघाताला तिच्यात एका वाक्याहून जास्त जागा देता येणार नाही. मात्र गावच्या नावाडी संघाने आकडा लेखी दिला तर ‘संघाच्या मते’ असं म्हणता येईल.

बाईंना ते पटलं, कारण दुसऱ्या कुणाच्या लेखावर त्यांनीही हाच शेरा मारला असता. त्यांनी वाक्य लिहून ठेवलं: ‘अधिकृत अहवालात नऊ मृत्यूंची नोंद असून नावाडी संघाच्या मते मृतांची संख्या चौदा होती.’ तेरा शब्द. मग त्यांनी तात्याला पत्र टाकलं. तात्या अजून त्या संघाचा सचिव होता. आठवड्याभरात संघाच्या शिक्क्याचा कागद आला, खाली तात्याची सही.

तो कागद बाहेर दाखवण्यासाठी नव्हता, पण मजकूर तपासून घ्यायचा म्हणून ते वाक्य असलेला नोंदीचा कच्चा मसुदा उत्सव समितीकडे गेला. तशी कार्यालयाची पद्धतच होती आणि पाठवणाऱ्या बाईच होत्या. पंधरा दिवसांनी संघाचा ठराव टपालाने आला. संघाचं असं कोणतंही मत नाही. माजी सचिवांनी शिक्क्याचा गैरवापर केला. त्यांचं सभासदत्व रद्द करण्यात आलं आहे. ठरावाखाली सहा सह्या होत्या. दुसरी सही तात्याच्या मुलाची होती. उत्सवाच्या होड्यांची डागडुजी त्याच्याकडे असे.

“आता ‘एका माजी नावाड्याच्या मते’ एवढंच उरतं,” मुख्य संपादक म्हणाले. “दोनशे शब्दांत एका माणसाचं मत बसत नाही, बाई. तुम्हीच मला हे शिकवलंय.”

बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. मग त्यांनी चौकशी अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. चौथ्या परिशिष्टात, तळाला, एक ओळ सापडली. त्या ओळीला दुसऱ्या कुणाच्या साक्षीची गरज नव्हती. नोंदीतलं पताकांच्या रंगांचं वाक्य त्यांनी खोडलं आणि तिथे लिहिलं: ‘अधिकृत चौकशी अहवालात नऊ मृत्यूंची नोंद असून भाड्याच्या वल्हेकऱ्यांची हजेरी उपलब्ध नसल्याचे त्यात म्हटले आहे.’ पंधरा शब्द. मुख्य संपादकांनी ते वाक्य दोनदा वाचलं, परिशिष्ट उघडून पडताळलं आणि सही केली. समितीला आक्षेप घ्यायला जागा नव्हती.

खंड छापून आल्यावर बाई त्या पानाची प्रत घेऊन स्वतः गेल्या. तात्या आता मुलाच्या घरी नव्हता. घाटावर जाळी ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत खाटेवर पडून होता. सून दुपारी डबा ठेवून जाई, आत येत नसे. पाण्यावर जायला त्याला बंदी होती; संघाच्या होडीला हात लावायचा नाही, असं त्याला बजावलं होतं.

त्याने चष्मा लावला आणि अक्षराला अक्षर लावत नोंद वाचली. होड्या, पेठ, शर्यत, दोन मतं. त्या वाक्यापाशी त्याचं बोट थांबलं.

“यात ते पाच कुठे आहेत?”

बाईंनी समजावलं. हजेरी उपलब्ध नाही, याचाच अर्थ आणखी माणसं होती, ती मोजली गेली नाहीत. नीट वाचणाऱ्याला कळेल.

“नीट वाचणाऱ्याला,” तो म्हणाला. मग चष्मा काढत, “हजेरी उपलब्ध नव्हती असं नाही, ताई. हजेरी माझ्या तोंडात होती. मी तुम्हाला सांगितली.”

बाईंना माफी मागावीशी वाटली, पण नेमकी कशाची ते वाक्य त्यांना जुळेना. तुम्हाला या भानगडीत मी ओढलं, एवढंच त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, ते कळलं नाही. कागद घडी न घालता त्याने त्यांच्या हातात परत दिला.

बाहेर दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीसाठी होड्यांना रंग देणं चाललं होतं. तात्याचा मुलगा एका होडीच्या बुडाशी बसून फटी भरत होता. त्याने बाईंना ओळखलं, आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागला. बाई स्टँडपर्यंत चालत गेल्या. बसला अजून पाऊण तास होता.