वाचनालयाची शीट

मध्य प्रदेशातल्या देवासच्या मराठी वाचनालयाचे चिटणीस नारायणराव यांनी डेटा अ‍ॅनालिस्ट असलेल्या अंकिताला पुस्तकांच्या देवघेवीची एक्सेल शीट पाठवली. सोबत एकच ओळ होती: ‘जरा अ‍ॅनालिसिस करून दे.’ कशाचं, ते लिहिलंच नव्हतं. वैतागून तिने फोन लावला.

“काका, यातून ठरवायचं काय आहे?”

“मराठी पुस्तकं पुढे घ्यायची की नाही, ते.”

“तारखेचा कॉलम पुस्तक नेल्याचा की परत केल्याचा?”

“नेल्याचा.”

“आणि वयाच्या कॉलममध्ये सगळे साठीपुढचेच? एंट्री चुकली का?”

“नाही गं. तेवढेच येतात.”

“बरं, रिपोर्ट वाचणार कोण?”

“नवी कार्यकारिणी. तीच ठरवणार. सगळे तुझ्याच वयाचे आहेत. हिंदीतच लिही बेटा. त्यांना मराठी वाचता येत नाही.”