सव्विसाव्या आठवड्यातलं बाळंतपण

वल्लरी प्रधानची पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं, आता ही कायमचीच गेली. वय बेचाळीस. ती ठाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. लग्न उशिरा झालेलं, मूल नाही. डोंबिवलीच्या घरात ती, नवरा सलिल आणि सासूबाई सरोजताई.

तीनच महिन्यांपूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. मृणाल यांनी दोघांना समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं होतं. या वयात दर महिन्याला आपसूक दिवस राहण्याची शक्यता शंभरात पाचसुद्धा नाही. स्वतःच्या बीजावर टेस्ट ट्यूब केली तरी दहातल्या नऊजणींच्या पदरी निराशाच येते. दुसऱ्या बाईचं बीज घेतलं तर आशा बरीच जास्त. वल्लरीने त्यावर विचार करायला वेळ मागून घेतला होता, आणि त्याच वेळात आपसूक दिवस राहिले.

डॉक्टरांनी अभिनंदन केलं, पण हात राखून. या वयातले निम्म्याच्या आसपास गर्भ टिकत नाहीत, म्हणाल्या. तिसरा महिना उलटला तसं रक्त तपासणीला गेलं. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता या वयात साठ-पासष्टात एक, त्यासाठीची ती तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रिपोर्ट चांगला आला आणि सरोजताईंनी साखरभात केला.

डॉक्टर मात्र सावधच होत्या. ही चाळणी आहे, हमी नाही, त्या म्हणाल्या. चाळिशीनंतरचं पहिलंच बाळंतपण, त्यामुळे बीपी आणि साखर दोन्हींवर नजर ठेवायची. रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी, घरच्या मशीनवर बीपी, साखरेची तपासणी लवकर, आणि बाळाची वाढ बघायला इतरांपेक्षा जास्त वेळा सोनोग्राफी. वल्लरीने यातलं काहीही चुकवलं नाही.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचे सगळे अवयव नीट दिसले. त्यानंतरच्या सोनोग्राफीत मात्र बाळ लहान भरलं. वार नीट पोसत नाही, डॉक्टर म्हणाल्या आणि दर आठवड्याला बोलावू लागल्या.

सव्विसाव्या आठवड्यात एका सकाळी डोकं ठणकत होतं. मशीनने वरचा आकडा एकशे सत्तर दाखवला. सलिलने गाडी काढली. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वेगळा विभाग होता, डॉ. मृणाल यांनी तिथेच यायला सांगितलं. ट्रॅफिकमध्ये वल्लरी डोळे मिटून बसली होती. उजेड सहन होत नव्हता.

झटके येऊ नयेत म्हणून औषध सुरू झालं. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं. वल्लरी एकच म्हणत राहिली, अजून दोन आठवडे द्या. दुसऱ्या दिवशी रक्तातल्या प्लेटलेट्स घसरल्या, यकृतावरही सूज आली.

डॉक्टर तिच्या पलंगावर टेकल्या. "वल्लरी, थांबून बाळालाही काही मिळणार नाही. नाळेतला रक्तप्रवाह उलटा व्हायला लागलाय. ते आतच जाईल, आणि कदाचित तुम्हीही."

"आत्ता बाहेर काढलं तर?"

"साडेपाचशे ग्रॅमचं आहे. आशा थोडी आहे. खोटं सांगणार नाही."

वल्लरीने सलिलकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढा."

मुलगी झाली. वल्लरी आयसीयूत होती, त्यामुळे दोन दिवस सलिलने फोनवर काढलेले फोटो तेवढे तिने पाहिले. तिसऱ्या दिवशी तिला व्हीलचेअरवरून नेलं. काचेच्या पेटीच्या भोकातून तिने एक बोट आत घातलं. मुलीचा तळहात त्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान होता. त्याच संध्याकाळी मुलीच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली.

दीड महिन्याने दोघं तपासणीला गेले तेव्हा बीपीची गोळी अजून चालूच होती. वल्लरीने विचारलं, पुन्हा? डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही. पण सिझेरियनच्या टाक्याला वर्ष-दीड वर्ष तरी द्यावं लागेल, तोवर स्वतःच्या बीजाची आशा जवळजवळ संपलेली असेल, आणि बीज कुणाचंही असलं तरी बीपीचा हा आजार उलटण्याची भीती राहीलच, तीही आधीपेक्षा जास्त.

"मला नको," सलिल म्हणाला. "मूल नको असं नाही. तुला पुन्हा असं आत नेताना मला बघायचं नाही."

वल्लरी त्याच्याशी बरेच दिवस धड बोलली नाही. तो बरोबर बोलला होता, आणि त्याचाच तिला राग होता.

मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी होती. तीन दिवसांच्या बाळाला नाव कशाला, सलिलला वाटत होतं. सरोजताई म्हणाल्या, जन्मली आहे ना? मग एका दुपारी वल्लरी रिक्षा करून एकटीच ठाणे महापालिकेत गेली. खिडकीपलीकडच्या माणसाने मुलीचं नाव विचारलं.

"सान्वी," तिने सांगितलं, आणि त्याने दाखल्यावर ते चुकीचं लिहिलं म्हणून पुन्हा, अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं.